पैठणीच्या बिलामागचं बारीक अक्षर

वकीलताई, नमस्कार. मी परभणीची. लेकीच्या साखरपुड्याला पैठणहून 38,000 रुपयांची पैठणी घेतली होती, दोन-तीनदाच नेसली असंल. नेहमीच्या दुकानात ड्रायक्लीनला दिली, 450 रुपये घेतले. परत आली तर काठाचा रंग अंगात उतरलेला, पदराची जर काळी पडलेली. भांडायला गेले तर मालकानं बिल उलटं करून दाखवलं, मागं इंग्रजीत बारीक छापलंय की नुकसान झालं तर धुलाईच्या दहापटच भरपाई आणि रंग जाणं, आटणं, जर खराब होणं याला दुकान जबाबदार नाही. म्हणतो 4,500 घ्या नाहीतर साडी परत द्या, ठीक करून देतो. दुकानात पाटी पण हाय म्हणे, मला कधी दिसली नाही. सही मी कुठंच केली नाही. आमचे दाजी म्हणायलेत की छापलेलं बिल घेतलं म्हणजे मान्य झालं, आता काही होत नाही. खरं हाय का?

ताई, दाजींना सांगा की तसं नाही. पण आधी एक काम करा, ती साडी दुकानदाराकडं अजिबात परत देऊ नका, "ठीक करून देतो" म्हणला तरी नको. ती साडीच तुमचा सगळ्यात मोठा पुरावा आहे आणि ती एकदा पुन्हा पाण्यात नाहीतर सॉल्व्हंटमधी, म्हणजे धुलाईच्या रसायनात, गेली की आधीचं नुकसान कशानं झालं ते कुणालाच सांगता येणार नाही. उजेडात फोटो काढा, काठ, पदर, आतली बाजू, सगळं, आणि बिलाचे पण दोन्ही बाजूंनी काढा, कारण थर्मल कागदाचं बिल असलं तर सहा महिन्यात अक्षर उडून जातं. आणि 4,500 घेऊ नका. घ्यायचीच वेळ आली तर "हक्क राखून, पूर्ण भरपाई म्हणून नाही" असं लिहून घ्या, नाहीतर पुढं तेच म्हणतील की ताईंनी पैसे घेतले आणि विषय मिटवला.

आता दाजींच्या मुद्द्यावर येते, कारण आपल्याकडं वकिलांच्या टेबलापर्यंत न येता निम्मी माणसं याच एका समजुतीवर घरी परत जातात. करार म्हणजे दोघांनी एका गोष्टीला हो म्हणायचं. तुम्ही साडी काऊंटरवर ठेवली, त्यांनी बघितली, 450 सांगितले, तुम्ही हो म्हणालात, करार झाला तो तिथंच. त्याच्यानंतर त्यांनी बिल फाडून हातात दिलं. आता प्रश्न असा की त्या कागदाच्या मागं जे छापलंय ते त्या हो मधी आलं होतं का. कोर्ट हाच प्रश्न विचारतं, तुम्ही वाचलं का नाही हा नाही, आणि हे नीट समजून घ्या कारण उलटतपासणीत दुकानदाराचा वकील तुम्हाला हमखास विचारणार की ताई, बिल तुमच्याकडंच होतं ना, मग वाचायला कोण अडवलं होतं.

हा कायदा तयार झाला तो असल्याच एका लहान भांडणातून, विलायतेत 1877 साली. एका माणसानं रेल्वे स्टेशनच्या सामानघरात बॅग ठेवली, तिकीट मिळालं, तिकिटाच्या मागं छापलेलं की 10 पौंडाच्या वर आमची जबाबदारी नाही. बॅग हरवली, तिची किंमत 24 पौंडांच्या वर. तो म्हणाला मी मागची बाजू वाचलीच नाही. कोर्टानं सांगितलं की वाचलं नाही एवढ्यावर सुटका नाही, पण अटी लिहिणाऱ्यानं त्या साध्या माणसाच्या लक्षात येतील एवढी पुरेशी व्यवस्था केली होती का ते बघायचं. म्हणजे ओझं दुकानदारावर आलं. पुढं 1949 मधी एका हॉटेलचा खटला झाला, तिथं खोलीत पाटी लावलेली की चोरीला आम्ही जबाबदार नाही, पण बाईंनी खोलीचं ठरवलं ते खाली काऊंटरवर, पाटी दिसली नंतर, म्हणून ती पाटी करारात आलीच नाही. तुमच्या दुकानातल्या पाटीचं पण तेच मोजमाप लावायचं. साडी द्यायच्या आधी, तुम्ही उभ्या राहता तिथून, ती दिसत होती का? शो-केसच्या मागं नाहीतर लटकवलेल्या कपड्यांच्या आड पाटी असली तर ती असून नसल्यासारखी. उद्याच कुणालातरी गिऱ्हाईक म्हणून पाठवा आणि काऊंटरसमोर उभं राहून मोबाईलवर फोटो काढून आणा, कारण नोटीस गेली की पाटीची जागा बदलते, मी हे एकापेक्षा जास्त वेळा बघितलंय.

आणि आपल्या मुंबई हायकोर्टानं तर अगदी लॉन्ड्रीच्याच पावतीवर निकाल दिलेला आहे, तुमच्या वकिलाला नंबर द्या, एआयआर 1995 मुंबई 68. सार असं की लॉन्ड्रीची पावती ही आपण कपडे परत घेताना दाखवायला ठेवतो, तो काही करारनामा नाही, त्याच्यावर गिऱ्हाइकाची सही नाही, मग मागच्या अटी गिऱ्हाइकाच्या लक्षात आणून दिल्या होत्या हे दुकानदारानंच सिद्ध करायचं. ते त्याला कसं जमणार? काऊंटरवरच्या पोरानं साडी घेताना "ताई, मागं लिहिलंय, दहापटच मिळतील" असं म्हणलं होतं का? तुमच्या पत्रावरून तरी नाही. अट इंग्रजीत छापलेली आहे हा मुद्दा पण तक्रारीत घाला, पण एकट्या त्याच्यावर बसू नका, कोर्ट म्हणू शकतं की कुणाकडून तरी वाचून घेता आलं असतं.

अजून एक माप आहे. अट जेवढी कडक तेवढं ती सांगायचं काम जास्त ठळक व्हायला पाहिजे. लॉर्ड डेनिंग नावाचे इंग्लंडमधले न्यायाधीश म्हणायचे की काही अटी इतक्या जाचक असतात की त्या लाल शाईत छापून त्यांच्याकडं बोट दाखवणारा लाल हात काढला तरच चालतील. दुकान सोमवारी बंद, कपडे 30 दिवसात न्या, हे बारीक अक्षरात छापलं तरी कुणाचं बिघडत नाही. पण 38,000 ची साडी बिघडवली तर 4,500 देणार, ही काही कोपऱ्यात छापायची गोष्ट नाही.

आता तुमची कमजोर बाजू पण सांगते, पत्रात तुम्ही एका शब्दात लिहून गेलात, "नेहमीच्या दुकानात". दुकानदाराचा वकील याच शब्दावर उभा राहील. तो म्हणेल की बाईंनी पाच-सहा वर्षात पन्नास बिलं घेतली, सगळ्यांवर हेच छापलेलं, म्हणजे त्यांना माहीत होतं. हा मुद्दा अगदीच फालतू नाही, एकाच पद्धतीनं वरचेवर व्यवहार झाला तर कोर्ट कधी कधी अटी आल्या असं धरतं. तुमचं उत्तर असं की ती बिलं मी कपडे सोडवायला ठेवायचे आणि काऊंटरवर परत द्यायचे, त्याच्यावर कधी बोलणं झालं नाही, त्या अटीवर कधी एक रुपयाचा हिशेब झाला नाही. जर कधी आधी शर्ट फाटला होता आणि त्यांनी दहापट देऊन मिटवलं होतं असं काही झालं असंल तर मला आत्ताच सांगा, लपवू नका, कारण मग खेळ बदलतो.

आणि सही. तुम्ही सही केली नाही हे तुमच्या केसचं हाड आहे. सुप्रीम कोर्टानं 1996 मधी एका कुरियरच्या प्रकरणात सांगितलेलं आहे, परदेशात पाठवलेल्या कागदांचं पाकीट पोचलं नाही, व्यापाऱ्यानं सव्वाचार लाखांच्या वर मागितले, पण कुरियरच्या फॉर्मवर जबाबदारी 100 डॉलरपुरतीच असं होतं आणि त्याच्यावर सही होती, तर त्याला 100 डॉलरच मिळाले. सही केली की "मी वाचलं नव्हतं" हे जवळपास संपतंच, तिथून पुढं फसवून सही घेतली एवढंच भांडण उरतं. म्हणून आता इथून पुढं त्या दुकानात पाय ठेवला आणि त्यांनी कुठल्याही रजिस्टरवर, "साडी मिळाली" च्या का असंना, सही मागितली तर करू नका.

समजा ग्राहक आयोगानं, म्हणजे जिथं आपण तक्रार करणार तिथं, मानलं की नाही, अट करारात आलीच होती. तरी केस संपत नाही, आणि माझ्या मते तुमच्या प्रकरणाचा खरा दम इथं आहे. छापील करार दुकानदारानं लिहिला, तुम्हाला त्यातला एक शब्द बदलता आला नसता, म्हणून शब्द संदिग्ध असले तर ते लिहिणाऱ्याच्या विरुद्ध वाचायचे हा जुना नियम आहे. आता बघा, "रंग जाणं, जर खराब होणं याला जबाबदार नाही" याचे दोन अर्थ निघतात. एक, कपडाच कच्च्या रंगाचा होता, नीट काळजी घेऊन धुतला तरी रंग गेला, तर आम्ही काय करणार. हे ठीक आहे, हे मान्य व्हायला पाहिजे, बिचाऱ्या लॉन्ड्रीवाल्यावर जगातल्या प्रत्येक कच्च्या रंगाचं ओझं टाकता येत नाही. दुसरा, आम्ही निष्काळजीपणानं पाण्यात बुडवली, तापलेली इस्त्री फिरवली, तरी आम्ही जबाबदार नाही. अटीत निष्काळजीपणाचा शब्दच नाही, मग कोर्ट पहिला अर्थ घेतं. म्हणजे तुम्हाला दाखवायचंय की इथं दुसरं झालं.

हे कसं दाखवायचं? ड्रायक्लीनिंग म्हणजे पाणी न वापरता सॉल्व्हंटमधी धुणं, तुमच्याकडून 450 त्याचेच घेतलेत. रेशमाचा रंग जास्त करून पाण्यात सुटतो, आणि पाणी साडीवर वाळलं की त्याच्या कडेची रेघ राहते. काठाचा रंग जिथं अंगात उतरलाय तिथं अशी पाणी वाळल्याची कड दिसते का, फॉल लावलेला असंल तर तो आटलाय का, बघा. पण हे मी किंवा तुम्ही सांगून चालणार नाही. जिथून घेतली त्या पैठणच्या दुकानदाराकडं नाहीतर एखाद्या जुन्या विणकराकडं साडी घेऊन जा, त्याच्याकडून लेखी घ्या की आपल्या मते हे नुकसान पाण्यानं झालंय का उष्णतेनं का रंगच कच्चा होता, आणि त्याचं शपथपत्र जोडा. तो म्हणाला रंगच कच्चा, तर मी तुम्हाला खरं सांगते, भांडण पैठणच्या दुकानाशी आहे, लॉन्ड्रीशी नाही.

पण पुराव्याचं पहिलं ओझं तुमच्यावर तरी किती आहे ते पण समजून घ्या. भारतीय करार कायदा, 1872, कलम 151, दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेणाऱ्यानं तिची तेवढीच काळजी घ्यायची जेवढी शहाणा माणूस तसल्याच परिस्थितीत स्वतःच्या वस्तूची घेईल. साडी चांगली दिली, खराब परत आली, मधी ती कुठल्या टाकीत गेली हे फक्त त्यांना माहिती, म्हणून काळजी घेतली हे त्यांनी दाखवायचं. चांगली दिली होती याचा पुरावा मात्र तुम्ही द्या, साखरपुड्याचे फोटो, त्याच्यानंतर नेसलेल्या कार्यक्रमाचे फोटो, तारखेसकट. आणि बिलावर साडी घेताना त्यांनी "डाग", "जर खराब" असला काही शेरा मारलाय का बघा, नसंल तर ते तुमच्या बाजूनं. बऱ्याच दुकानात साडी गावात घेतात आणि धुवायला बाहेरच्या मोठ्या युनिटला पाठवतात, मग मालक म्हणतो चूक त्यांची. तुमचा करार ह्या दुकानाशी, त्यांचं आपसात त्यांनी बघायचं.

आता राहिली दहापटची अट, ती तर निष्काळजीपणाला पण लागू होते असं ते म्हणतील. इथं मद्रास हायकोर्टाचा एक निकाल आहे, एआयआर 1966 मद्रास 13, तो मला लई जवळचा वाटतो कारण त्यातली रक्कम बघा, 220 रुपयांची नवी साडी. लॉन्ड्रीनं हरवली, पावतीच्या मागं छापलेलं की किमतीच्या 15 टक्केच मिळतील. कोर्टानं असा विचार केला की ही अट चालू दिली तर लॉन्ड्रीवाला नवी साडी ठेवून घेईल आणि 15 टक्के टाकून मोकळा होईल, म्हणजे कायदाच बेइमानीला आणि निष्काळजीपणाला बक्षीस देईल, असली अट सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध, आणि करार कायद्याच्या कलम 23 खाली असली अट टिकत नाही. साडीची पूर्ण किंमत द्यायला लावली. 220 रुपयांसाठी कुणीतरी हायकोर्टापर्यंत गेलं म्हणून आज तुम्हाला 38,000 साठी बोलता येतं. तुमचं गणित पण तिथलंच आहे, 4,500 म्हणजे 38,000 च्या 12 टक्क्यांच्या आसपास. शिवाय भरपाई साडीच्या किमतीवर नाही तर धुलाईवर मोजायची, म्हणजे 500 ची साडी असो का लाखाची, 4,500 च, याच्यात नुकसानीचा अंदाज म्हणून काही उरतच नाही.

मग कुठं जायचं? इथं एक चूक वकील पण करतात म्हणून सावकाश सांगते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात "अनुचित करार" अशी वेगळी व्याख्या आलीय, कलम 2(46), आणि तसली अट रद्दबातल जाहीर करायचा अधिकार राज्य आयोगाला आणि राष्ट्रीय आयोगाला दिलाय. जिल्हा आयोगाला नाही. म्हणून परभणीच्या जिल्हा आयोगात "ही अट अनुचित करार म्हणून रद्द करा" असं मागितलं की समोरचा लगेच म्हणणार हे तुमच्या अधिकारात नाही, आणि निष्कारण सहा महिने जाणार. तिथं मागायचं ते असं, की सेवेत कमतरता झाली, अट माझ्या लक्षात आणून दिलीच नाही म्हणून ती मला बांधत नाही, आणि बांधत असली तरी कलम 23 खाली ती टिकत नाही, म्हणून साडीची किंमत, धुलाईचे 450, मनस्तापाचे आणि खर्चाचे पैसे द्या. एवढ्या रकमेसाठी राज्य आयोगाकडं वेगळं जायची मला गरज वाटत नाही.

जिल्हा आयोगाची हद्द आता मागणीवर नाही, तुम्ही दिलेल्या मोबदल्यावर ठरते, म्हणजे 450 रुपयांवर, आणि 5 लाखांपर्यंत फी शून्य. तुम्ही राहता तिथंच तक्रार करता येते. मुदत दोन वर्षं, साडी खराब मिळाली त्या तारखेपासून. ऑनलाईन e-jagriti.gov.in वर दाखल होते, आणि त्याच्या आधी ग्राहक हेल्पलाईनच्या 1915 नंबरला फोन करून बघा, कधी कधी तेवढ्यावरच दुकानदार बोलायला येतो.

आधी नोटीस, स्पीड पोस्टनं, पोच जपून ठेवा. मोठी कायदेशीर भाषा नको, एवढं बास: "दिनांक अमुक रोजी बिल नंबर अमुकने 38,000 रुपयांची पैठणी ड्रायक्लीनसाठी चांगल्या स्थितीत दिली. दिनांक अमुक रोजी ती रंग उतरलेल्या आणि जर काळी पडलेल्या स्थितीत मिळाली. बिलामागच्या अटी मला साडी घेताना सांगितल्या नाहीत, मी त्या मान्य केलेल्या नाहीत. साडी कोणत्या पद्धतीनं, कुठं आणि कुणाकडून धुतली ते 15 दिवसात लेखी कळवा आणि भरपाई द्या." त्यातला धुतली कुठं हा प्रश्न महत्त्वाचा. उत्तर दिलं तर पुढं त्यालाच बांधून राहतील, नाही दिलं तर लपवायलेत हे दिसतं.

पूर्ण 38,000 मिळतीलच असं मी म्हणत नाही. साडी वापरलेली होती, आयोग थोडं कापू शकतो, म्हणून तुमच्याकडं खरेदीचं बिल असणं लई गरजेचं आहे, हरवलं असंल तर पैठणच्या दुकानातून दुसरी प्रत मागा किंवा बँकेचं स्टेटमेंट काढा. तीन वेळा नेसलेली पैठणी म्हणजे काही निम्म्या किमतीची झाली नाही, हे त्याच दुकानदाराकडून लिहून घेता आलं तर बघा, त्याच शपथपत्रात एक ओळ वाढवायची.

तक्रार गेली की दुकानदाराला लेखी उत्तराला 30 दिवस, फार तर अजून 15. ते आलं की मला पाठवा. पाटीवर बसलेत, जुन्या बिलांवर बसलेत का कच्च्या रंगावर, ते वाचूनच पुढचं शपथपत्र कसं लिहायचं ते ठरवू.